माझा अनुभव: सरांची कादंबरी आणि 'फक्त प्रवाशालाच आठवतं' हा नियम

टाइम ट्रॅव्हलच्या कादंबरीत "जुना काळ फक्त प्रवास करणाऱ्यालाच आठवतो, बाकी कुणालाच नाही" असं वाक्य दिसलं की माझं डोकं आता तिथंच तापतं. ह्या एका वाक्यानं माझा आख्खा उन्हाळा खाल्लाय.

झालं असं की आमच्या लातूरच्या ओळखीतले एक सर, कॉलेजला फिजिक्स शिकवतात, त्यांनी कादंबरी लिहिली आणि हस्तलिखित माझ्याकडं दिलं. म्हणले, ताई, भाषा बघू नका, ती मी बघतो, तुम्ही फक्त पॅराडॉक्सचे नियम टिकतायत का आणि शेवट मनाला लागतो का तेवढं सांगा. मी असल्या कादंबऱ्या भरपूर वाचते म्हणून माझ्यावर आलं.

गोष्ट चांगली होती, खरंच. २०१९ मधला बत्तीस वर्षांचा नायक, गाव किल्लारीच्या शेजारचं (नाव बदललेलं), ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात त्याची चार वर्षांची बहीण गेली. तो स्वतः तेव्हा सहा वर्षांचा. आता तो मागं जातो, २९ तारखेला, गणपती विसर्जनाच्या दिवशी, तिला वाचवायला. माळवदाची घरं, दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर मातीचा थर, हे सगळं सरांनी असं लिहिलंय की मला वाचताना झोप लागेना. भूकंपापर्यंतच्या प्रकरणांबद्दल मला काही म्हणायचंच नाही.

मी काय केलं ते आधी सांगते. एका वहीत दोन रकाने पाडले. डावीकडं कॅलेंडरची वेळ, उजवीकडं नायकाच्या स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची वेळ, म्हणजे त्याच्या आयुष्यात काय आधी घडलं नि काय नंतर. प्रत्येक प्रसंगापुढं एवढंच लिहायचं की ह्या क्षणी कुणाला काय माहीत आहे. कंटाळवाणं काम आहे पण केल्याशिवाय कळत नाही, कारण नुसतं वाचताना आपण लेखकाच्या भरात वाहून जातो. आणि लेखक नियम म्हणून जे सांगतो ते वेगळं लिहून ठेवायचं आणि प्रसंगातून जे दिसतं ते वेगळं. सरांच्या कादंबरीत सुरुवातीला एक म्हातारा शास्त्रज्ञ सांगतो, "जे घडून गेलंय ते बदलत नाही." आणि पुढं नायक बहिणीला उचलून बाहेर आणतो नि ती वाचते. म्हणजे नियम गेला! सर म्हणले, तो शास्त्रज्ञ चुकीचा होता असं समजा. बरं, समजलं.

मग आला तो शेवट. नायक २०१९ मध्ये परत येतो, घरात बहीण आहे, तीस वर्षांची, दोन लेकरं, आई स्वयंपाकघरात, सगळे हसतायत, आणि ती मेली होती हे फक्त नायकालाच आठवतंय. तो तिला मिठी मारून रडतो, तिला कळत नाही का रडायला. समाप्त.

पहिल्या वाचनात मीपण रडले हो. पण वहीत लिहायला बसले आणि उजवा रकाना भरेना. बहीण वाचली, ठीक. मग १९९३ पासून २०१९ पर्यंत तिच्यासोबत एक भाऊ वाढला असणार ना? सहा वर्षांचा होता तो, तोही वाचलाच होता. त्यानं तिच्याशी भांडणं केली असतील, तिला सायकल शिकवली असेल, तिच्या लग्नात अक्षता टाकल्या असतील. त्या भावाला मागं जायचं काही कारणच नाही कारण त्याची बहीण जिवंत आहे. आणि आपला नायक, ज्याला ह्यातलं काहीच आठवत नाही, तो अचानक त्या घरात येऊन उभा राहतो. मग तिचा तो भाऊ कुठं गेला?

हा प्रश्न मी सरांना फोनवर विचारला तर थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणले, "अहो ताई, वाचक एवढा विचार करत नसतो." इथं माझी सटकली. वाचक विचार करत नसेलही, पण त्याला काहीतरी खटकतं आणि ते का खटकलं हे सांगता येत नाही, मग तो "शेवट जरा ओढूनताणून वाटला" म्हणून पुस्तक ठेवून देतो. माझा मुद्दा होता की लॉजिक जिथं फाटलंय तिथंच भावनाही फाटलीय. बहीण ज्याला मिठी मारतेय तो तिच्या दृष्टीनं तिचा भाऊ आहे, पण ह्याच्याकडं तिच्याबरोबरच्या सव्वीस वर्षांतला एक दिवसही नाही, आणि ज्याच्याकडं ते दिवस होते तो माणूस लेखकानं एका ओळीत पुसून टाकला. एक बहीण वाचवायला एक भाऊ मारला आणि कुणी त्याच्यासाठी टिपूस गाळलं नाही. सुखान्त कसा म्हणायचा ह्याला?

सर म्हणले, स्मृती विलीन होतात असं करू, दोन्ही आयुष्यं आठवतात. मी म्हणलं, करा, पण मग मागं कोण गेलं ते सांगा. ती मेलीच नाही तर गेलाच कोण, आणि कुणी गेलंच नाही तर ती वाचली कशी. मागं जाऊन आपल्याच आजोबाला लहानपणी मारलं तर आपण जन्मलोच कसे, नि जन्मलोच नाही तर मारायला गेलं कोण, ह्याला आजोबाचा पॅराडॉक्स म्हणतात, हा तोच आहे, फक्त आजोबाच्या जागी बहीण. सरांचं उत्तर, "भावना महत्त्वाची." दर फोनला तेच.

मग सरांनी फांद्यांचा मार्ग काढला. १९९१ मध्ये डेव्हिड डॉइच ह्या शास्त्रज्ञानं अनेक विश्वांच्या कल्पनेवरून असं मांडलंय की मागं गेलेला माणूस त्याच्या स्वतःच्या भूतकाळात जात नाही, दुसऱ्याच फांदीत उतरतो, म्हणून विरोधाभास होतच नाही. लॉजिक एकदम चोख. सर खूश. पण मी विचारलं, त्याची मूळ फांदी तशीच राहिली की! तिथं आईनं १९९३ ला मुलगी गमावली आणि आता २०१९ ला मुलगाही बेपत्ता झाला. आणि दुसऱ्या फांदीत जी वाचली ती कुणा दुसऱ्याची बहीण. ही गोष्ट लिहिता येते, पण मग तिचा विषय सोडून गेलेला मुलगा होतो, आणि सरांना घरी परत येणंच लिहायचं होतं. फांद्या घेऊन घरी परत यायचं, हे दोन्ही जमत नाही. पुष्कळ लेखक ते दोन्ही घेतात आणि मधेच कुठंतरी एक पान धुकं सोडतात.

ह्यानंतर सरांचा फोन बंदच झाला बरेच दिवस. मला वाईटबिईट काही वाटलं नाही, रागच आला होता, वही कपाटात टाकली.

एक राहिलं सांगायचं, फोटो हळूहळू पुसट होतोय असा सीन असेल तर लगेच खूण करा. काळ बदलला तर फोटो पुसट व्हायला वेळ का लागावा, आणि कोणत्या घड्याळानं लागावा? तो सीन फक्त टेन्शनसाठी असतो. सरांकडंही होता.

सुटका झाली ती दुसऱ्या प्रकरणातून. वही परत काढली तेव्हा दिसलं की तिथं सरांनी एक प्रसंग सहज, गावरंग म्हणून टाकलेला. विसर्जनाच्या रात्री एक अनोळखी माणूस वाड्याच्या दारात येऊन ओरडतो, "घरात झोपू नका." अंगणात बाजेवर झोपलेले आजोबा त्याला काठी घेऊन हाकलतात. त्या गोंधळानं सहा वर्षांचा पोरगा घाबरून उठतो नि बाहेर येऊन आजोबांच्या कुशीत झोपतो. बहीण उठतच नाही. पहाटे चारच्या सुमारास घर खाली येतं, अंगणातले दोघं वाचतात. पुढं त्या माणसाचा कुठंच उल्लेख नाही!

मी सरांना फोन लावला (उचलला) आणि म्हणलं, सर, हा माणूस कोण? ते म्हणले, असाच कुणीतरी बेवडा. मी म्हणलं, हा तुमचा नायक आहे.

फिजिक्सवाले असल्यामुळं मग मी चेंडू काढला. जो पोल्चिन्स्की नावाच्या शास्त्रज्ञानं किप थॉर्न ह्या दुसऱ्या शास्त्रज्ञाला एक कोडं घातलं होतं. बिलियर्डचा चेंडू वर्महोलमध्ये, म्हणजे अवकाश-काळातल्या बोगद्यात शिरतो, थोडा आधीच्या वेळेला बाहेर पडतो आणि स्वतःलाच असा धक्का मारतो की तो आत शिरूच नये. मग गेला कसा? थॉर्नच्या विद्यार्थ्यांनी गणित मांडलं तेव्हा सापडलं की अशीही उत्तरं आहेत ज्यात चेंडू स्वतःला पुसटसा घासून जातो, आणि त्या घासण्यामुळंच तो वाकड्या कोनातून आत शिरतो, आणि वाकडा शिरल्यामुळंच बाहेर येऊन नुसता घासतो. सगळं एकमेकांत बसतं. नायकाचंही तेच. तो बहिणीला वाचवायला जातो, जमत नाही, पण त्याच्या ओरडण्यानं तो स्वतः वाचतो, म्हणूनच मोठा होऊन परत जाऊ शकतो. काहीच बदललं नाही, म्हाताऱ्या शास्त्रज्ञाचा नियम शाबूत. माझ्या सगळ्या भावनिक भाषणानं जे झालं नाही ते त्या चेंडूनं केलं, सर एकदम गप्प आणि मग म्हणले, "अरे हो की."

पण इथं एक खड्डा असतो. इतिहास बदलत नाही म्हटल्यावर नायकाला कुणीतरी अडवायला लागतं, आणि आळशी लेखक तिथं पाय घसरवतो, ऐनवेळी कडी अडकवतो. १९७६ मध्ये डेव्हिड लुईस ह्या तत्त्वज्ञानं मांडलं की मागं गेलेला माणूस आजोबाला मारण्यात अपयशी ठरेल ते एखाद्या साध्या कारणानं, काळाचा रखवालदार लागत नाही. तर्क बरोबर, पण कादंबरीत कुठलंही साधं कारण चालत नाही. माझी कसोटी अशी की टाइम ट्रॅव्हलचा नियमच काढून टाका आणि बघा, तो अडथळा तरीही तिथं असता का?

सरांनी पुढच्या खर्ड्यात नायकाची गाडीच बंद पाडली. नापास. मी म्हणलं, गावाकडंच बघा ना. ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारी भागात धक्के बसलेच होते, माणसं घाबरून बाहेर झोपली होती, मोठं काही झालं नाही, परत घरात गेली. अशा गावात वर्षभरानं एक परका माणूस विसर्जनाच्या रात्री, सगळे नाचून थकलेले असताना, दारोदार ओरडत फिरला तर काय होईल? लोक चोर समजून त्याला मारुतीच्या देवळाच्या खांबाला बांधतील. तो बहिणीपासून दोन गल्ल्या लांब, बांधलेला, आणि घड्याळ बघतोय. कुणी दुष्ट नाही, नशीब आडवं आलेलं नाही, गाव जसं वागलं असतं तसंच वागलं. सरांनी ते लिहून पाठवलं आणि मी ते प्रकरण बसमध्ये वाचायला नको होतं.

हां, अजून एक बघायचं. आपणच तो माणूस हे नायकाला आधी कळता कामा नये. लहानपणचा बेवडा त्याला आठवत असला तरी चालतो, पण ओळख पटावी ती देवळात बांधल्यावर, आजोबांचा आवाज ऐकून. आधी कळलं तर तो बहिणीसाठी जिवाच्या आकांतानं धावणार नाही, नुसतं ठरलेलं काम उरकल्यासारखं होईल. ह्यावरही वाद झाला पण लहान.

शेवट आता असा आहे की तो २०१९ ला घरी येतो, बहीण नाही, आई आहे, आणि तो आईला पहिल्यांदा त्या रात्रीबद्दल विचारतो. मला पुरतो तेवढा. सरांना अजूनही फोटोचा सीन ठेवायचाय, इतिहास बदलतच नाही तर फोटो पुसट कशाला होईल हे तीनतीनदा सांगूनही. आणि नायक १९९३ च्या एसटीत कंडक्टरला दहाची नोट देतो ती चॉकलेटी, २०१८ ला आलेली, तेही मी लाल पेनानं गोल करून ठेवलंय. कंडक्टरनं ती नोट घेतली असती का सर, उतरवला असता त्याला औशालाच.