छोटा कॉरिडॉर आणि उजवीकडे सरकणारं पुस्तक

"मॅडम, पंधरा दिवस वापरा, सवय होईल." हे वाक्य मी दीड महिन्यात चार वेळा ऐकलं. चौथ्यांदा ऐकलं तेव्हा नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा, एकाच काचेत लांबचा आणि जवळचा नंबर असलेला, काउंटरवर ठेवून दिला आणि म्हटलं, सवय तुम्ही करून घ्या.

फ्रेम मी हट्टाने घेतली होती, हे कबूल. जुनी मोठी फ्रेम नाकावर ओझं वाटायची, म्हणून लहान, गोलसर घेतली. काचेची उभी उंची २८ मिमी. बाहुलीच्या मध्यापासून काचेच्या खालच्या कडेपर्यंत, म्हणजे फिटिंग हाइट, १६ मिमी भरली. लांबचा नंबर किरकोळ, जवळची ॲडिशन, म्हणजे वाचायला लांबच्या नंबरात वाढवलेला नंबर, २.००.

जुन्या चष्म्याचा कॉरिडॉर १४ मिमीचा होता. लांबच्या नंबरापासून जवळच्या नंबरापर्यंत काचेत जो उतार असतो तो हा कॉरिडॉर. तीच काच नव्या फ्रेममध्ये बसवली असती तर वाचायला खाली जेमतेम दोन मिमी उरले असते, आणि त्यातलाही थोडा भाग काठाच्या खाचेत गेला असता. म्हणून दुकानदाराने छोटा, १० मिमीचा कॉरिडॉर सुचवला. आता वाचायला सहा मिमी मिळणार होते. इथवर त्याचं काहीच चुकलं नव्हतं.

त्याने सांगितली नाही ती गोष्ट रुंदीची. मिंकविट्झ या गणितज्ञाने १९६३ साली मांडलेला एक नियम आहे: कॉरिडॉरच्या मध्यरेषेवर नंबर खाली जाताना ज्या वेगाने वाढतो, त्याच्या साधारण दुप्पट वेगाने बाजूला नको असलेला सिलिंडर नंबर, म्हणजे धूसरपणा, तयार होतो. माझं गणित करून बघा. १४ मिमीत २.०० वाढवायचे तर दर मिमीला ०.१४, म्हणजे बाजूला दर मिमीला सुमारे ०.२९. अर्धा नंबर धूसरपणा खपवून घेतला तर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पावणेदोन मिमी, एकूण साडेतीन मिमीची वाट. १० मिमीत तोच चढ बसवला की वाट होते अडीच मिमी. प्रत्यक्षात हे आकडे डिझाइननुसार थोडे इकडेतिकडे होतात, पण उतार आखडला की वाट अरुंद होणार, यातून सुटका नाही. साठ सेंटिमीटरवरच्या लॅपटॉपवर हीच वाट आठ सेंटिमीटरची सहा होते. वाचनाचा भाग त्या मानाने बरा असतो, कारण तिथे नंबर जवळपास स्थिर होतो. पण बाजूचा धूसरपणा पसरायला काचेवर जागाच कमी, त्यामुळे वाचनाचा भागही थोडा आक्रसतो.

एवढं सोसायला मी तयार होते. पण माझा त्रास वेगळाच होता. वाचायला बसलं की पाच मिनिटांत पुस्तक हातात उजवीकडे सरकलेलं असायचं. मुद्दाम नाही, आपोआप. समोर धरलं तर ओळ फिकट, दीड-दोन सेंटिमीटर उजवीकडे नेलं की अक्षरं ठसठशीत. पुस्तक हलवायचं नसेल तर मान डावीकडे. संध्याकाळपर्यंत मान आखडायची. लॅपटॉपवर तर कहरच.

दुकानात सांगितलं की ते चष्मा यंत्रावर ठेवायचे आणि म्हणायचे, "नंबर बरोबर आहे." होताच बरोबर! यंत्रावर काच योग्य जागी धरूनच नंबर मोजतात. ती योग्य जागा माझ्या डोळ्यासमोर येते का, हे यंत्राला कुठून कळणार? दुसऱ्या खेपेला फ्रेमच्या काड्या वाकवून दिल्या. तिसऱ्या खेपेला तक्रारीचा फॉर्म भरून घेतला, त्यात 'त्रासाचं स्वरूप' या रकान्यात 'सवय नाही' असं त्यांनीच लिहून टाकलं. त्या दोन शब्दांचा राग अजून गेलेला नाही.

शेवटी घरीच शोध लावला. प्रोग्रेसिव्ह काचेवर कायमच्या कोरलेल्या दोन बारीक खुणा असतात, लहानशी वर्तुळं, एकमेकांपासून ३४ मिमीवर. एरवी दिसत नाहीत. काचेवर तोंडाची वाफ सोडायची, मग ती दिव्यासमोर तिरकी धरायची, की वाफ उडताना क्षणभर चमकतात. तेवढ्यात मार्करने ठिपका द्यायचा. मला सहाव्या प्रयत्नात जमलं. दोन ठिपक्यांच्या बरोबर मध्यावरून कॉरिडॉरची उभी रेषा जाते. नाकपट्टीच्या मध्यापासून त्या रेषेपर्यंत मोजलं: उजवीकडे ३१.५, डावीकडे ३१.५. इतकं नीटनेटकं की तिथेच शंका आली. चेहरा असा नेमका दुभागलेला कुणाचा असतो?

दुसऱ्या दुकानात जाऊन फक्त डोळ्यांमधलं अंतर मोजून घेतलं, प्रत्येक डोळ्याचं वेगळं. उजवा ३०.५, डावा ३२.५. बेरीज ६३ च. पहिल्या दुकानाच्या ऑर्डर फॉर्मवर या अंतरासाठी एकच चौकोन होता, त्यात ६३ लिहिलं होतं आणि पुढे कुणीतरी सरळ दोनने भागलं होतं.

म्हणजे दोन्ही काचांची वाट माझ्या उजवीकडे एकेक मिमी सरकली होती. एक मिमी म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण अडीच मिमीच्या वाटेत मध्यापासून कड सव्वा मिमीवर असते. मी समोर बघत होते ती जवळजवळ कडेवरून. जुना मोठा चष्माही मोजून पाहिला. तोही ३१.५ आणि ३१.५! तिथे कड पावणेदोन मिमीवर होती, म्हणून इतकी वर्षं निभावून गेलं. रुंद काच मापातली चूक झाकते, अरुंद काच झाकत नाही.

हा हिशेब कागदावर मांडून नेला तेव्हा कुठे काचा बदलून मिळाल्या. नव्या चष्म्यात पहिल्याच दिवशी पुस्तक समोर राहिलं. मी मुद्दाम अर्धा तास न हलता वाचलं.

एक राहिलं. नवीन चष्मा हातात येतो तेव्हा काचांवर रंगीत खुणा असतात, त्या दुकानदार लगेच पुसायला घेतो. पुसू देऊ नका. आधी चष्मा घालून आरशात बघा, फुली दोन्ही बाहुल्यांच्या बरोबर समोर आली पाहिजे. मी हे केलं असतं तर दीड महिना वाचला असता. आणि उंचीचं माप फ्रेम नाकावर नीट बसवून घेतल्यानंतरच द्यायचं. नाकाच्या गाद्या नंतर हलवल्या की सोळाचे पंधरा होतात. चष्मा डोळ्यांच्या जितका जवळ बसेल तितकी तीच वाट रुंद भासते, हाही फायदा.

कॉरिडॉरची लांबी विचारताना मात्र ती कुठपर्यंत मोजली हेही विचारा. काही कंपन्या ॲडिशनच्या ८५ टक्क्यांपर्यंत मोजतात, काही पूर्ण नंबरापर्यंत. त्यामुळे एकीचे १० आणि दुसरीचे १० सारखे नसतात.

छोट्या कॉरिडॉरला एक गुणही आहे. वाचायला नजर फार खाली न्यावी लागत नाही. त्याचीच दुसरी बाजू जिन्यात दिसते: पायऱ्या लवकर फिकट होतात, हनुवटी खाली घेऊन उतरावं लागतं. लॅपटॉपची सहा सेंटिमीटरची पट्टी तर तशीच राहिली आहे. तिथे माप कितीही अचूक घेतलं तरी उपयोग नाही, म्हणून टेबलावर कॉम्प्युटरसाठी वेगळा चष्मा ठेवला आहे. फ्रेम मात्र बदललेली नाही.