कर्जाचं व्याज आणि पॉलिसीचा हप्ता: आधी काय भरायचं?

मार्च २०२४ मध्ये एक जोडपं फोरक्लोजरची, म्हणजे कर्जापोटी पॉलिसी बंद करण्याची, नोटीस घेऊन आमच्या विमा कंपनीच्या शाखेत आलं. त्यांचा प्रश्न एकच होता: "कर्ज पॉलिसीवरच घेतलंय, मग ते मुदतीअखेरच्या रकमेतून आपोआप वळतं होत नाही का?" पॉलिसी लोनच्या टेबलावर हा समज रोज भेटतो. तो अर्धा खरा आहे, म्हणूनच घातक ठरतो.

पॉलिसी २०१० सालची, पाच लाख विमा रकमेची, वीस वर्षांची एंडोमेंट. वार्षिक हप्ता २५,००० रुपये. दहा हप्ते भरल्यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांनी कर्ज घेतलं. कर्जाची मर्यादा भरलेल्या हप्त्यांवर ठरत नाही, सरेंडर व्हॅल्यूवर, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर मिळणाऱ्या रकमेवर ठरते. पुढचे हप्ते न भरताही जेवढा विमा टिकतो ती पेड-अप रक्कम; वीसपैकी दहा हप्ते भरले म्हणून ती निम्मी, म्हणजे २,५०,००० रुपये. त्यात जमा झालेला बोनस २,२५,०००. या ४,७५,००० ला तेव्हाचा ४५ टक्क्यांचा गुणक लावला की सरेंडर व्हॅल्यू येते २,१३,७५०. त्याच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज मिळतं. त्यांनी १,९०,००० घेतले, व्याजदर साडेनऊ टक्के.

हे व्याज दर सहा महिन्यांनी आकारलं जातं आणि न भरल्यास मुद्दलात मिसळतं. सहामाही व्याज ९,०२५ रुपये. बँकेतून हप्ता आपोआप कापला जातो तसं हे व्याज कापलं जात नाही, ते वेगळं भरून पावती घ्यावी लागते. त्यांनी ते एकदाही भरलं नव्हतं. पाच वर्षांत कर्ज ३,०२,००० वर पोहोचलं होतं.

पण पॉलिसी नोटिशीपर्यंत आली ती निव्वळ व्याजामुळे नाही. जानेवारी २०२०पासून त्यांनी हप्तेही थांबवले होते. हप्ता थांबला की पॉलिसी पेड-अप होते आणि त्यांच्या पॉलिसीत पुढचा बोनसही बंद झाला. बोनससह पेड-अप रक्कम ४,७५,००० वरच गोठली. मुदत जवळ येईल तसा गुणक वाढत गेला, २०२४ मध्ये तो ६३ टक्के होता, तरी सरेंडर व्हॅल्यू जेमतेम २,९९,००० झाली. कर्ज तिच्या पुढे गेलं आणि नोटीस निघाली. हप्ते चालू असलेल्या पॉलिसीवर केवळ कर्ज वाढलं म्हणून फोरक्लोजर होत नाही. हप्ते अर्धवट थांबलेल्या पेड-अप पॉलिसीवर ते होतं. अशा वेळी सरेंडर व्हॅल्यूतून कर्ज वळतं करून उरलेलं परत मिळतं. इथे उरण्यासारखं काहीच नव्हतं, आणि विमाही संपणार होता.

त्या दिवशी मी त्यांच्यासमोर कागदावर दोनच आकडे लिहिले. नोटिशीची मुदत संपण्याआधी पतीचं बरंवाईट झालं असतं तर बोनससह पेड-अप ४,७५,००० मधून कर्ज वजा जाऊन पत्नीला साधारण १,७३,००० मिळाले असते. हप्ते चालू ठेवले असते तर पूर्ण पाच लाख, पंधरा वर्षांचा बोनस ३,३७,५००, त्यातून कर्ज वजा: ५,३५,०००च्या वर. कर्जासाठी पॉलिसी कंपनीच्या नावे असाइन होते, तरी नॉमिनेशन रद्द होत नाही. फक्त कर्ज वळतं करून उरलेली रक्कम नॉमिनीला मिळते.

पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून पाच वर्षांत या पॉलिसीचं पुनरुज्जीवन करता येत होतं, म्हणजे जानेवारी २०२५पर्यंत सवड होती. पाच थकीत हप्ते आणि त्यावरचं विलंब व्याज मिळून साधारण १,५४,००० रुपये, सोबत प्रकृतीचं घोषणापत्र. पतीला मधुमेह होता, म्हणून डॉक्टरांचा अहवालही लागला. इथे बरेच जण अडकतात, कारण पैसे असूनही प्रकृतीवरून पुनरुज्जीवन नाकारलं जाऊ शकतं.

त्यांनी दागिने बँकेत ठेवून रक्कम उभी केली. पंधरा हप्ते पूर्ण झाल्यावर पेड-अप ३,७५,००० आणि बोनस ३,३७,५००, त्याच ६३ टक्क्यांनी सरेंडर व्हॅल्यू जवळजवळ ४,४९,०००. दीड लाख भरले आणि सरेंडर व्हॅल्यूही दीड लाखाने वाढली, वर पूर्ण विमा परत आला.

पैसे कमी असतील तर आधी हप्ता भरायचा, मग व्याज, असं मी सांगते. नुसतं व्याज भरलं तर कर्ज वाढत नाही आणि पेड-अप पॉलिसीही टिकते, पण विम्याची रक्कम आक्रसलेलीच राहते. त्यांनी आता हप्ता बँकेतून वळता करायला दिला आहे. व्याजासाठी फेब्रुवारी आणि ऑगस्ट या तारखा पासबुकच्या कव्हरवर लिहून ठेवल्या आहेत. गेल्या ऑगस्टला १४,००० रुपयांच्या आसपासचं व्याज भरून ते पावती घेऊन गेले.