ओमाला ऐंशीव्या वाढदिवसाचं पत्र लिहिताना

दोन वर्षांपूर्वी मी ओमाला बरोबर रात्री बारा वाजता फोन केला होता. बारा म्हणजे पुण्यातले बारा. ओमा म्हणजे माझी आईकडची आजी. ती जर्मनीत, ट्युबिंगनजवळच्या एका गावात राहते. नोव्हेंबरात तिचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागं असतं. म्हणजे मी उत्साहानं शुभेच्छा ओरडले, तेव्हा तिच्याकडे आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात वाजले होते. पलीकडे क्षणभर शांतता. मग ती हळूच म्हणाली, "आज नाही गं, उद्या." आणि हवापाण्यावर बोलू लागली.

आईनं नंतर समजावलं. जर्मनीत वाढदिवसाआधी शुभेच्छा देणं अपशकुनाचं मानतात. उशिरा दिल्या तर चालतं, त्यासाठी 'नाखट्रेग्लिश', म्हणजे 'मागाहून', असा खास शब्दच आहे. लवकर मात्र अजिबात नाही. आपल्याकडे मांजर आडवं गेलं की शिकलेली माणसंही जशी दोन पावलं थांबतात, तसंच हे.

मागच्या वर्षी ओमाला ऐंशी पूर्ण होणार होती. तेव्हा ठरवलं, या वेळी हातानं पत्र लिहायचं, जर्मनमध्ये, आणि आईला न विचारता. घरी आम्ही मराठी बोलतो. जर्मन मला कळतं, बोलताही येतं थोडंफार, पण लिहिणं म्हणजे मॅक्स म्युलर भवनात केलेली पहिली पातळी, तेवढंच.

पहिला मसुदा मी मनातल्या मनात मराठीत रचला आणि मग जर्मनमध्ये उतरवला. 'तुझ्या पायाशी नमस्कार. मला आशीर्वाद दे. शतायुषी हो.' दोन संध्याकाळी खपून एवढं झालं, आणि शेवटी न राहवून कागद आईपुढे ठेवलाच. तिनं वाचला आणि हसू दाबत म्हणाली, "हे ओमाला लिहिलंयस की चर्चमधल्या पाद्रीबाबांना?" आशीर्वाद तिकडे धर्मगुरूकडे मागतात. पायांचा उल्लेख आला असता तर ओमानं आधी विचारलं असतं, माझ्या पायाला काय झालं? आणि शतायुषी? "ऐंशी वर्षांच्या बाईला तू वीसच वर्षं देतेयस," आई म्हणाली.

मग आदर दाखवायचा कसा? मला वाटत होतं, जर्मनमध्ये आदरार्थी 'झी' आहे, तेच वापरू. त्यावर आई दचकलीच. नातीनं आजीला 'झी' म्हटलं की ती रुसलीय असं वाटतं. घरच्या माणसांना 'डू', म्हणजे तूच. खरं तर यात मला अडायला नको होतं. आपणही आजीला तूच म्हणतो की. 'अहो आजी' शेजारच्या आजींना.

पण या 'डू'मध्ये एक बारकावा निघाला, तो देवनागरीत दाखवताच येत नाही, कारण आपल्याकडे मोठी-लहान अक्षरं नाहीत. ओमा शाळेत शिकली तेव्हा पत्रातला 'डू' मोठ्या 'डी'नंच लिहायचा असे. १९९६च्या लेखनसुधारणेनं तो लहान केला, आणि २००६ साली पत्रात दोन्ही चालेल असं ठरलं. मी वर्गात लहान अक्षर शिकले होते. आई म्हणाली, "तिच्यासाठी मोठंच लिही. तिला ते दिसेल." मग 'तू', 'तुला', 'तुझी' जिथं जिथं आलं, तिथं तिथं मोठा 'डी' केला. 'झी'त जो आदर शोधत होते, तो असा एका अक्षराच्या उंचीत मिळाला.

दुसरी अडचण 'तुला'ची. मराठीत 'मी तुला बघते' आणि 'मी तुला फूल देते', दोन्हीकडे 'तुला'च. जर्मनमध्ये बघायचं असेल तर 'डिश', द्यायचं असेल तर 'डिअर'. शुभेच्छा दिल्या जातात, म्हणून 'इश व्युन्श डिअर'. मी तिन्ही ठिकाणी 'डिश' लिहिलं होतं. आता मी आधी मनात विचारते, काही देतेय का? देत असले तर 'डिअर'. ही युक्ती सगळीकडे चालत नाही, पण वाढदिवसाच्या पत्रापुरती पुरते.

प्रेम व्यक्त करायलाही एक वाक्य जपून घ्यावं लागलं. 'इश लीब डिश' हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य बहुतेक प्रियकराला जातं. आजीला 'इश हाब डिश लीब'. अर्थ जवळपास तोच, पण ऊब घरातली.

आई म्हणाली, विशेषणं काढ, एक आठवण टाक. मी आठ वर्षांची असताना ओमानं मला सफरचंद सोलायला शिकवलं होतं. साल तुटू न देता, एकच लांब पट्टी. माझी कायम तुटायची. तिची बशीत वेटोळं घालून पडायची. तेच लिहिलं. गंमत म्हणजे 'सफरचंद कसं सोलतात' या पोटवाक्यात जर्मन क्रियापद शेवटी जातं, अगदी मराठीसारखं. पूर्ण पत्रात तेवढं एकच वाक्य मला पहिल्या फटक्यात जमलं.

शेवटी पत्र असं झालं, मराठीत सांगायचं तर: 'प्रिय ओमा, तुला ऐंशीव्या वाढदिवसाच्या मनापासून शुभेच्छा! तुला चांगलं आरोग्य लाभो आणि खूप आनंद मिळो. सफरचंद कसं सोलतात, हे तू मला दाखवलंस. माझी साल अजूनही तुटते. उन्हाळ्यात मी तुझ्याकडे येईन. मग आपण पुन्हा सोलू. इश हाब डिश लीब. तुझी नात.' सुरुवात 'लीब ओमा', मग स्वल्पविराम, आणि पुढची ओळ लहान अक्षरानं, कारण वाक्य अजून चालूच असतं. ऐंशीच्या आकड्यापुढे एक टिंब. ते टिंब म्हणजेच आपला 'वा'. ते विसरलं तर ओमाचे ऐंशी वाढदिवस एकदम येतात.

पाकिटावर मी सवयीनं गावानंतर पिनकोड लिहिला. तिकडे पाच आकडी क्रमांक गावाच्या आधी येतो, आणि घराचा क्रमांक रस्त्याच्या नावानंतर. दुसरं पाकीट घेतलं. मागच्या बाजूला लिहिलं, 'वाढदिवसालाच उघड'. तीन आठवडे आधी पोस्टात टाकलं, आणि ते नऊ दिवस आधीच पोचलं. ओमानं ते न उघडता रेडिओशेजारी उभं करून ठेवलं.

वाढदिवसाला मी संध्याकाळी साडेसातला फोन केला. तिकडे दुपारचे तीन, कॉफी आणि केकची वेळ, टेबलाभोवती सगळे बसलेले. ओमानं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं होतं म्हणे. माझ्याशी बोलताना ती फक्त एवढंच म्हणाली, "उन्हाळ्यात सुरी मीच धार लावून ठेवीन."

रात्री मामानं फोटो पाठवला. सफरचंदाच्या केकशेजारी माझं पत्र उघडं ठेवलेलं. आईनं तो मोठा करून बघितला आणि मला हाक मारली. 'सोलतात'च्या जर्मन शब्दात 'ए'वर दोन टिंबं हवीत, ती मी विसरले होते. माझी शाई काळी. तिथं निळ्या शाईची दोन टिंबं होती.