बारशाने सोडवलेली परीक्षा

स्पॅनिशच्या परीक्षेत वीसपैकी अकरा. गाळलेल्या जागा भरायच्या, तेही ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोनच क्रियापदांतून निवडून. छापा-काटा केला असता तरी दहा आलेच असते!

मराठीत दोघांनाही ‘आहे’च. बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं, कायमचं ते सेर, तात्पुरतं ते एस्तार. ‘सोय दे ला इंदिया’ (मी भारताची), ‘एस्तोय कान्सादा’ (मी दमलेय) इथवर ठीक. मग आलं ‘माद्रिद ___ एन एस्पान्या’. माद्रिद स्पेनमधून कुठे पळून जाणार? मी सेरचं रूप ‘एस’ लिहिलं. चूक, एस्तारचं ‘एस्ता’. ‘मी आबुएलो ___ मुएर्तो’, म्हणजे माझे आजोबा वारलेत. याहून कायमचं काय असतं? तिथेही ‘एस्ता’! तो नियम मी तिथेच सोडला. कोण-काय विचारता येईल तिथे सेर, कुठे किंवा कोणत्या अवस्थेत विचारता येईल तिथे एस्तार, हे बरं चाललं.

पण खरी अडले ती ‘एल एक्सामेन ___ एन एल आउला सिंको’वर. परीक्षा पाच नंबरच्या वर्गात आहे. ‘कुठे’चं उत्तर, म्हणून ‘एस्ता’ लिहिलं. चूक, ‘एस’. पुढचंच वाक्य ‘एल एक्सामेन ___ एन ला मेसा’, मेसा म्हणजे टेबल. चिडून ‘एस’ ठोकलं. तेही चूक! विचारलं तर बाई म्हणाल्या, “तसंच असतं, पाठ करा.” आठवडाभर मी धुमसत होते.

सुटलं ते मावशीच्या फोनवर. तिने विचारलं, “अगं, बारसं कुठे आहे?” म्हटलं, हॉलमध्ये. “आणि हॉल कुठे आहे?” तेव्हा ट्यूब पेटली. बारसं हॉलमध्ये ‘होणार आहे’, हॉल काही होणार नाही, तो उभा आहे. ‘आहे’च्या जागी ‘होणार आहे’ बसलं की सेर. परीक्षा वर्गात होणार, म्हणून ‘एस’. टेबलावर असते ती प्रश्नपत्रिका, वस्तू, म्हणून ‘एस्ता’. शब्द एकच, एकदा प्रसंग आणि एकदा कागद. तेव्हा गाळलेल्या जागेपुढचं ‘एन’, म्हणजे ‘मध्ये’ किंवा ‘वर’, बघून झेप घेऊ नका, आधी कर्ता बघा.

हो, आणि ‘एस्ता’च्या शेवटच्या अक्षरावरची तिरपी रेघ विसरू नका. तिच्याशिवाय त्याचा अर्थ ‘ही’ होतो. माझे दोन गुण त्यातच गेले. ‘ओय’ म्हणजे ‘आज’ दिसलं की एस्तार, असंही धरू नका. ‘ओय एस लुनेस’, आज सोमवार आहे, इथे सेरच.

दुसऱ्यांदा एकोणीस आले. गेला तो ‘एल निन्यो ___ आबुर्रिदो’ला. ‘एस’ म्हटलं तर मुलगा कंटाळवाणा, ‘एस्ता’ म्हटलं तर कंटाळलेला. मागेपुढे एकही वाक्य नसताना दोन्ही बरोबर. उत्तरपत्रिकेत मात्र एकच छापलेलं, आणि त्या गुणासाठी मी अजून बाईंच्या मागे आहे.