भुसावळला गाडी बदलताना

“एवढ्या मोठ्या भुसावळ स्टेशनावर तुम्ही दिसत नसताना एकटेच गाडी कशी बदलता?”

अमळनेरहून येणारी सुरत लाइनीची गाडी मला भुसावळला सोडते. अकोल्याला जायचं तर तिथं सेवाग्राम एक्सप्रेस धरायची. उतरलो की आधी गर्दी ओसरू देतो. मधल्या प्लॅटफॉर्मला दोन्ही अंगांना रूळ असतात, त्यामुळे गाडीकडे पाठ करून नाकासमोर चालत सुटलं की पुढं दुसरी कड येतेच. काठी इथं न उचलता फरशीवरून डावी-उजवी घासत नेतो. लांब उठावाच्या पट्ट्या लागल्या तर ती चालायची वाट, गोल ठिपके लागले तर थांबायचं. कड किंवा जिना जवळ आलेला असतो. अर्थात त्या वाटेवर कुणीतरी बोचकं टेकून बसलेलं असतंच!

अनाउन्समेंट मराठी, हिंदी, इंग्रजी अशी तीनदा होते, हे माझ्या पथ्यावर पडतं. मराठीत आकडा हुकला तर हिंदीत पकडतो. नावापेक्षा नंबर ऐकतो. १२१३९ नागपूरकडे जाते, १२१४० मुंबईकडे. नाव दोघींचं एकच. ऐन वेळी प्लॅटफॉर्म बदलतो, म्हणून बाकावर बसल्यावरही कान तिकडेच.

जिना चढून पलीकडे जायला मी हमाल घेतो. पैसे आधी ठरवून. “काय भो, कुठं जायचं?” म्हणत तो थेट माझा काठीचा हात धरतो आणि ओढायला लागतो. मग सांगावं लागतं, “दादा, तुम्ही पुढं व्हा, मी तुमचं कोपर धरतो.” कोपर वर गेलं की पायरी चढायची, खाली गेलं की उतरायची, बोलायची गरज नाही. दिव्यांगांचा डबा बहुतेक गाड्यांना टोकाला, गार्डच्या डब्यालगत असतो. तो पुढं येणार की मागं, हे उपस्टेशन अधीक्षकांच्या ऑफिसात आधीच विचारून ठेवतो.

खरा धोका गाडी लागल्यावर. डब्याच्या अंगाला हात लावत गेलं की मध्येच मोकळी जागा लागते आणि दार आलंसं वाटतं. दोन डब्यांमधली फटही हाताला अगदी तशीच लागते. तिथं पाय टाकला की माणूस थेट रुळांवर. म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावर काठी आत घालून खाली टेकवून बघतो. दार असेल तर आधी पायरी, मग डब्याची जमीन लागते. फट असेल तर काठी नुसती खाली जात राहते. दाराच्या दोन्ही अंगांना उभे दांडेही असतात. दांडा आणि जमीन, दोन्ही लागल्याशिवाय पाय उचलत नाही, मागून लोक “चढा, चढा” करत कितीही रेटोत.

आणि मदत करायचीच असेल तर काखेत हात घालून उचलू नका. माझा हात त्या दांड्यावर नेऊन ठेवा, तेवढं पुरतं.