दुसऱ्या लेकराची वाट आणि ईटीचा रकाना

थोरलीच्या वेळी मला कशाचीच वाट बघावी लागली नव्हती. लग्न झालं आणि पाळी चुकली ती लगेचच. बाळंतपणही माहेरी साधं झालं, टाक्यांचंसुद्धा फार दुखलं नाही. त्यामुळे ती शाळेत जायला लागली आणि आम्ही दुसऱ्याचा विचार केला, तेव्हा याला वेळ लागेल असं घरात कुणाच्या मनातही आलं नाही. महिने गेले, वर्ष गेलं. आमच्या केज तालुक्यात अशा बाईला जो तो एकच गोष्ट सांगतो : एकदा राहिलंय ना, मग परत राहील, काळजी कशाला करतीस? आत्याबाई म्हणायच्या, "एक लेकरू झालंय म्हंजी अंगात दोष न्हाई. देवाच्या मनात आलं की व्हईल." आईनं तुळजापूरला नवस बोलला. कुणीच वाईट बोलत नव्हतं, पण या समजुतीपायी तपासणी मात्र लांबत गेली.

डॉक्टरांच्या लेखी याचा नियम साधा आहे. आधी मूल झालेलं असो वा नसो, काही साधन न वापरता वर्षभर प्रयत्न करून दिवस गेले नाहीत तर तपासायचं. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. आणि दोघांनी तपासायचं. आमचे मालक आधी म्हणाले, "मला कशाला, मुलगी आहे की आपल्याला." पण पहिलं मूल झालं तेव्हाचं शरीर आणि आजचं शरीर सारखंच असेल असं नाही, हे तेव्हाच्या डॉक्टरांनी सांगितल्यावर ते मुकाट्यानं अंबाजोगाईला जाऊन वीर्याची तपासणी करून आले. रिपोर्ट चांगला होता. माझं थायरॉइड, प्रोलॅक्टिन, एएमएच सगळं बरोबर निघालं.

मग बीज वाढायच्या गोळ्या सुरू झाल्या आणि त्याबरोबर फॉलिकल स्टडी. ज्या बायांनी हे केलंय त्यांना तो छापील कागद माहीत असेल. पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून एक दिवसाआड सोनोग्राफी करतात आणि कागदावर रकाने भरत जातात : पाळीचा दिवस, उजवं बीजांड, डावं बीजांड आणि शेवटी ईटी, म्हणजे गर्भपिशवीच्या आतल्या अस्तराची जाडी. मी पतसंस्थेत खात्यांचं काम करते, रकाने बघायची डोळ्याला सवय आहे. माझं बीज दर वेळी वाढत होतं : बारा मिलिमीटर, पंधरा, एकोणीस, आणि मग "फुटलं" असं लिहिलेलं. शेवटच्या रकान्यात मात्र पहिल्या दिवशी 3.8 आणि बीज फुटायच्या दिवशी 4.2. पुढच्या महिन्याच्या कागदावरही तेच, त्याच्या पुढच्याही तेच. साधारणपणे बीज फुटायच्या सुमाराला हे अस्तर सात मिलिमीटरच्या वर जातं. बीज वाढतंय म्हणजे अस्तर वाढवणारं हार्मोनही तयार होतंय, तरी अस्तर जागचं हलत नाही. मी विचारलं तेव्हा "होईल, अजून एक महिना बघू" असं उत्तर मिळालं. शहरातल्या एका सेंटरमध्ये तर कागद न उलगडताच टेस्ट ट्यूबचा खर्च सांगितला. अस्तरच नसेल तर बाहेर तयार केलेला गर्भ तरी रुजणार कुठं, हा प्रश्न तिथं कुणी काढला नाही.

लातूरच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या भेटीत सोनोग्राफी केलीच नाही. त्यांनी पाळीबद्दल विचारलं. आधी किती दिवस जायचं, आता किती जातं? लग्नाआधी चार-पाच दिवस अंगावरून नीट जायचं. थोरलीनंतर पाळी उशिरा सुरू झाली, ती अंगावर पीत होती म्हणून असेल असं सगळ्यांनी धरलं. सुरू झाली ती जेमतेम दीड दिवसाची, नुसते डाग. पोटात मात्र पूर्वीपेक्षा जास्त कळा. जावा म्हणायच्या, "सुटलीस बाई, किती त्रास वाचला." शेजारच्या ऊसतोडीला जाणाऱ्या एका मावशीनं वेगळंच सांगितलं, "पिशवी खराब झाली असंल, काढून टाक, मी बी टाकली." आमच्या बीड जिल्ह्यात हा सल्ला किती सहज मिळतो ते 2019 साली सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं, ऊसतोड बायांच्या पिशव्यांच्या प्रश्नावर सरकारला समिती नेमावी लागली. ती मावशी मनानं चांगलीच होती, तिला जे सांगितलं गेलं तेच ती मला सांगत होती.

डॉक्टरीणबाईंचा पुढचा प्रश्न होता, "बाळंतपणानंतर पिशवी साफ केली होती का?" केली होती. थोरली तीन आठवड्यांची असताना मला अचानक खूप रक्त जायला लागलं होतं. वारेचा तुकडा आत राहिलाय म्हणून तालुक्याच्या गावी रात्रीच क्युरेटिंग केलं. त्या रात्री ते करणं गरजेचं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण डिस्चार्जच्या कागदावर एवढी एकच ओळ होती आणि पुढं पाळी कमी झाली तर दाखवा, असं कुणी म्हणालं नाही.

त्यांनी मग कागदावर चित्र काढून समजावलं. अस्तराचे दोन थर असतात. वरचा दर महिन्याला पाळीत पडून जातो, आणि खालच्या थरातून तो पुन्हा उगवतो. बाळंतपणानंतर पिशवी मऊ असते. तेव्हा धातूच्या चमच्यानं खरवडलं तर खालचा थरही निघून जाऊ शकतो, त्यातही दोन ते चार आठवड्यांच्या काळात धोका जास्त. उघड्या पडलेल्या जागा बऱ्या होताना समोरासमोरच्या भिंती एकमेकींना चिकटतात. याला अ‍ॅशरमन सिंड्रोम म्हणतात. "काळी माती धुपून मुरूम उघडा पडला की बियाणं कितीही भारी आणलं तरी काय उपयोग?" त्या म्हणाल्या. शेतकऱ्याच्या घरात हे पुन्हा सांगावं लागलं नाही. मालकांनी तिथंच विचारलं, मग इलाज काय?

आधी नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी. तो पाळी थांबल्यावर, बीज फुटायच्या आधीच्या दिवसांत करतात. खालून रंगाचं औषध सोडतात, पोटात जोरात कळ येते आणि थोड्या वेळात जाते. आदल्या तासाला वेदनेची गोळी घेऊन जावं, त्यानं खूप फरक पडतो. फिल्मवर पिशवी पांढऱ्या त्रिकोणासारखी दिसायला हवी. माझ्या त्रिकोणात मधे काळे, वेडेवाकडे डाग होते, आणि उजवा कोपरा भरलाच नव्हता. डाव्या नळीतून औषध बाहेर पडलं होतं.

नंतर भूल देऊन हिस्टेरोस्कोपी. पोटावर कुठं काप नाही, खालूनच बारीक दुर्बीण आत घालतात. नंतर मला फोटो दाखवले : गुलाबी पोकळीत आडवे-तिडवे पांढरट पट्टे, आणि उजव्या बाजूला एक जाड पडदा. ते त्यांनी छोट्या कात्रीनं कापले. करंट वापरला नाही, कारण उरलेलं चांगलं अस्तर त्यानं भाजू शकतं. त्याच वेळी अस्तराचा तुकडा टीबीसाठी पाठवला. आपल्याकडे गर्भपिशवीचा टीबी हेसुद्धा चिकटण्याचं कारण असतं, आणि बाईला खोकला-ताप काहीही नसताना तो असू शकतो. टीबी असेल तर आधी त्याचा औषधांचा पूर्ण कोर्स करावा लागतो, आणि टीबीनं खालचा थर पार गेलेला असेल तर कात्रीचाही फारसा उपयोग होत नाही. त्या रिपोर्टची वाट बघणं मला ऑपरेशनपेक्षा जड गेलं. टीबी नव्हता.

कापलेल्या भिंती पुन्हा चिकटू शकतात, हीच या आजारातली खरी अडचण. म्हणून भिंती वेगळ्या राहाव्यात यासाठी आत काही दिवस एक छोटा फुगा ठेवला. नळीचं टोक मांडीला चिकटवलेलं, तसंच घरातलं काम केलं. शिवाय अस्तर उगवावं म्हणून इस्ट्रोजेनच्या गोळ्या, आणि शेवटी पाळी यावी म्हणून दुसऱ्या गोळ्या. ती पाळी तीन दिवस नीट गेली. लाल रक्त बघून मी बाथरूममध्ये रडले. कितीतरी वर्षांनी शरीर ओळखीचं वाटलं. त्यानंतर एकदा दुर्बिणीनं पुन्हा बघितलं, तर उजव्या कोपऱ्यात पातळ जाळं धरलेलं होतं. ते दुर्बिणीच्या टोकानंच मोकळं झालं. ही दुसरी तपासणी पैसे वाचवायला टाळू नये. आम्ही टाळली असती तर ते जाळं तसंच घट्ट झालं असतं.

पुढच्या फॉलिकल स्टडीत शेवटच्या रकान्यात 7.4 लिहिलेलं होतं. चिकटण जास्त असेल, खालचा थर फार गेला असेल, तर एवढं करूनही अस्तर वाढत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला आधीच स्पष्ट सांगितलं होतं. माझी चिकटण मध्यम होती. काही महिन्यांनी, कोणत्याही इंजेक्शनशिवाय, दिवस गेले.

त्याचा आनंद घरात सगळ्यांना झाला, पण धास्ती संपली नव्हती. ज्या पिशवीतलं अस्तर जागोजाग पातळ असतं तिथं वार भिंतीत खोल रुजायची शक्यता असते, मग बाळंतपणात ती सुटत नाही आणि रक्त खूप जातं. म्हणून विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत आणि नंतर पुन्हा एकदा मुद्दाम वारच बघितली. ती भिंतीत घुसल्याच्या खुणा दिसल्या नाहीत, तरी माहेरी बाळंतपण करायचं नाही, रक्तपेढी हाताशी आहे अशा लातूरच्या दवाखान्यातच करायचं, असं आधीच ठरलं. आईला ते पटायला वेळ लागला. धाकटी झाली तेव्हा वारेचा एक भाग खरंच अडकला. मला ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन, भूल देऊन तो हातानं काढला, आणि आत काही राहिलं नाही ना ते सोनोग्राफी लावून बघितलं. चमचा वापरला नाही. रक्ताच्या पिशव्या तयार ठेवल्या होत्या, त्यातली एक लागली.

परवा माझ्या चुलत नणंदेचा गर्भ तिसऱ्या महिन्यात पडला आणि थोडा आत राहिला. तिला घेऊन मी स्वतः गेले. खरवडण्याऐवजी गोळ्यांनी होईल का, नाहीतर हातपंपाच्या सक्शननं कराल का, एवढंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, रक्त बेताचं आहे, ताप नाही, गोळ्यांनी बघू. पिशवी गोळ्यांनीच मोकळी झाली. आता तिची पाळी पूर्वीसारखी येते का, आली तर किती दिवस जाते, ते मी तिला कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितलंय.