नोंद सातवी: जिप्सीचा जाम झालेला ऑइल फिल्टर

मागच्या नोंदीत लिहिल्याप्रमाणे या शनिवारी 1.3 लिटरच्या इंजिनाचे ऑइल बदलायचे होते आणि त्यासाठी मी एक तास धरला होता. ऑइल पंधरा मिनिटांत उतरले. फिल्टर मात्र रविवारी दुपारी चार वाजता हातात आला, आणि तोही डब्याच्या आकारात राहिला नव्हता. झाले ते सविस्तर लिहून ठेवतो, कारण माझी पहिली चूक आणि शेवटचा उपाय या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती: जोर किती लावला यापेक्षा डबा कुठे धरला याला महत्त्व होते.

आधी फिल्टर इतका का घट्ट बसतो ते पाहू. फिल्टर बसवताना रबरी रिंग बैठकीला टेकल्यानंतर पाऊण फेरा हाताने आवळायचा असतो. या इंजिनासाठी तो जोर सुमारे 14 न्यूटन-मीटर, म्हणजे फारच माफक असतो. आमच्या गाडीचा फिल्टर आधीच्या मालकाने कुठल्याशा गॅरेजमध्ये बसवून घेतला होता. डब्याच्या टोकाकडे पान्याचे दात उमटलेले दिसत होते, यावरून तो हाताने नव्हे तर पान्याने आवळला होता हे उघड होते, आणि पुढे सुटल्यावर रिंगेची अवस्था पाहता ती कोरडीच बसवली होती असे मला वाटते. आटे फिल्टरच्या मधोमध असतात आणि रिंग कडेला, जवळजवळ तिप्पट त्रिज्येवर असते. त्यामुळे फिल्टर सोडताना विरोध करते ती प्रामुख्याने रिंगच. कोरडे रबर धातूच्या बैठकीवर दाबले गेले, वरून महिनोन्महिने इंजिनाची उष्णता बसली, की ते चिकटवल्यासारखे धरून राहते.

हाताने प्रयत्न केला, उपयोग झाला नाही. मग पट्ट्याचा पाना काढला. माझ्याकडे नायलॉनच्या पट्ट्याचा, अर्ध्या इंची चौकोनी तोंडाचा पाना आहे, त्याला रॅचेट लावता येते. या पान्याचे तत्त्व सोपे आहे: पट्टा डब्याला वेढा घालतो आणि दांडा ओढला की तोच जोर पट्ट्यालाही आवळतो, म्हणून जितके ओढावे तितकी पकड वाढत जाते. मात्र वेढा योग्य बाजूने घातलेला हवा. उलट घातला तर ओढताच पट्टा सैल पडतो आणि पाना नुसता फिरतो. इथे एक कबुली देतो. गाडीखाली आडवे पडून, डोके इंजिनाकडे आणि पाय बंपरकडे अशा अवस्थेत, मी पहिली दोन-तीन मिनिटे फिल्टर सोडण्याऐवजी आवळत होतो. फिल्टरच्या बंद टोकाकडून पाहिले असता घड्याळाच्या उलट दिशेने सोडायचे असते, आणि आपण नेहमी त्या टोकाकडूनच पाहत असतो असे नाही. त्यानंतर डब्यावर खडूने बाण काढला. हसण्यासारखी गोष्ट आहे, पण ज्यांनी केली नसेल त्यांनी हात वर करावा.

दिशा सुधारल्यावरही पट्टा घसरू लागला. कारण ड्रेनचा बोल्ट उघडताना उडालेले ऑइल डब्यावर पसरले होते, आणि त्यात नायलॉन म्हणजे साबणावर हात ठेवल्यासारखेच. इंजिन थंड झाल्यावर ब्रेक क्लीनर आणि कोरडी चिंधी घेऊन डबा पुसला. गरम सायलेन्सरच्या शेजारी पेट्रोलने पुसण्याचा मोह कोणी करू नये. मग 80 नंबरच्या पॉलिश पेपरची एक पट्टी दुमडून, खरखरीत बाजू आतही आणि बाहेरही येईल अशी, पट्ट्याखाली घातली. आता पकड उत्तम बसली. पकड इतकी चांगली होती की पुढच्याच ओढीत डबा कुरकुरला, त्याला तिरपी वळी पडली आणि तो किंचित लंबगोल झाला. फिल्टर जागचा हलला नव्हता. पत्रा पिळला गेला होता.

ही चूक नीट समजून घेण्यासारखी आहे. फिल्टरचा बाहेरचा डबा पातळ पत्र्याचा असतो. आट्यांची जाड चकती इंजिनाच्या बाजूला असते आणि डब्याची कड तिथेच दुमडून बसवलेली असते. मजबुती जी काही आहे ती त्या कडेपाशी. मी मात्र पट्टा बाहेरच्या टोकाला बांधला होता, कारण तिथे हात सहज जात होता. परिणामी ओढलेला जोर रिंगेपर्यंत पोहोचण्याआधी सात-आठ सेंटिमीटर पातळ पत्र्यातून जात होता, आणि पत्र्याने वाटेतच हार मानली. पट्टा इंजिनाच्या बाजूच्या कडेला, जितका जवळ नेता येईल तितका जवळ असता, तर बहुधा शनिवारीच काम झाले असते. नंतर तसे करूनही पाहिले, पण एकदा लंबगोल झालेल्या डब्यावर पट्टा सगळीकडे सारखा टेकत नाही आणि पुन्हा घसरतो.

अंधार पडला. डब्याला भोक पाडण्याचा विचार त्या रात्री मुद्दाम टाळला, आणि हा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. भोक पडले की गाडी जागेवरच बसली. फिल्टर निघाला नाही तर इंजिन सुरू करून ती कुठे नेताही येत नाही. म्हणून नवीन फिल्टर हातात, दुकाने उघडी आणि दिवसाचा उजेड असेल तेव्हाच हे करावे.

रविवारी सकाळी नवा फिल्टर आणला आणि आधी त्याच्याच आत डोकावून पाहिले. मधोमध आट्यांचे भोक, त्याच्या मागे बारीक छिद्रांची पत्र्याची नळी, तिच्याभोवती कागदाच्या घड्या. इंजिनाच्या बैठकीतून आट्यांची एक पोकळ नळी बाहेर येते आणि ती चकतीतून आत शिरलेली असते. स्क्रू ड्रायव्हर डब्याच्या मधून आरपार घालायचा तर तो या नळीवर आदळता कामा नये, कारण तिचे आटे बिघडले तर प्रश्न शंभर-दोनशे रुपयांच्या फिल्टरचा राहत नाही. दुसरीकडे, कडेपासून फार लांब भोक पाडले तर पत्रा फाटतो. या दोन मर्यादांच्या मध्ये जागा शोधायची असते.

पहिले भोक मी घाबरत, डब्याच्या साधारण मध्यावर पाडले. खाली ट्रे आणि जुने वर्तमानपत्र पसरले होते, तरी पेलाभर काळे ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत आलेच. चेंबर रिकामे केले तरी फिल्टरच्या पोटातले ऑइल तिथेच राहते. तीस सेंटिमीटरचा जाड दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर हातोडीने ठोकून पलीकडे चार सेंटिमीटर बाहेर काढला. पलीकडे वायर किंवा होज नाही हे आधी बोटाने चाचपून घेतले होते. मग मूठ धरून ओढली. दांडा फिरला, फिल्टर नाही; भोकाची तीन सेंटिमीटर लांब चीर झाली, सार्डिनच्या डब्यासारखा पत्रा उलगडू लागला, आणि मी थांबलो. चीर वाढायला लागली की आणखी ओढण्यात अर्थ नसतो, तेवढाच पत्रा कमी उरतो.

इथे एक छोटा हिशेब करून पाहिला. रॅचेटचा दांडा पंचवीस सेंटिमीटर, त्यावर वीस किलोचा ओढा, म्हणजे पाच किलोग्रॅम-मीटर, अर्थात जवळपास 50 न्यूटन-मीटर. स्क्रू ड्रायव्हरची मूठ डब्याच्या मध्यापासून सुमारे वीस सेंटिमीटरवर येते, तेव्हा तेवढ्याच ओढ्यात 40 न्यूटन-मीटर मिळतात. म्हणजे स्क्रू ड्रायव्हर पट्ट्यापेक्षा जास्त जोर देतो हा समज चुकीचा आहे. तो फक्त घसरत नाही, इतकाच त्याचा फायदा. आणि त्याची मर्यादा पत्र्याची.

दुसरे भोक कडेपासून तीन सेंटिमीटरवर पाडले. चीर जिथे होती तिच्यापासून फिरवून, पाव फेरा बाजूला, म्हणजे अजून अखंड असलेल्या पत्र्यात. त्याआधी इंजिन गरम करून रिंग मऊ करावी असे शेजारच्या लेथवाल्या काकांनी सुचवले, पण ऑइल उतरवलेले आणि डब्याला भोक पडलेले असताना ते शक्य नव्हते. हे पहिल्या दिवशी, ऑइल काढण्यापूर्वी करायचे काम. काकांनी सांगितलेली दुसरी गोष्ट मात्र कामी आली. "झटका देऊ नको, ओढून धर आणि थांब," असे ते म्हणाले. झटक्याने पत्रा फाटतो, धरून ठेवलेल्या जोरापुढे रबर हळूहळू सुटते. मुठीवर वजन टाकून मी मनातल्या मनात वीसपर्यंत मोजले. बारा-तेराच्या सुमारास 'टक्' असा कोरडा आवाज आला आणि मूठ बोटभर खाली आली. त्यानंतर अर्ध्या फेऱ्यात फिल्टर हाताने फिरू लागला.

दुसरे भोकही फाटले असते, तर पुढची तयारी छिन्नीची होती: डबा कापून काढून चकतीच्या कडेवर, बैठकीला न लागता, तिरपे ठोकत फिरवणे. ती वेळ आली नाही.

बैठक पाहिली तर रिंगेचा जवळपास एक तृतीयांश भाग काळ्या, चकचकीत पट्टीसारखा तिथेच चिकटून होता. हा भाग न काढता नवा फिल्टर बसवला तर रिंगेवर रिंग येते आणि इंजिन सुरू होताच ऑइलचा फवारा उडतो. धातूची पट्टी न वापरता नखाने आणि लाकडी पट्टीने तो खरवडला. आट्यांची नळी फिल्टरबरोबर सुटून आलेली नाही ना, हेही पाहिले. ती घट्ट होती, आटे स्वच्छ होते.

नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावले, हाताने टेकेपर्यंत फिरवले, तिथे डब्यावर आणि ब्लॉकवर पांढऱ्या रंगाची खूण केली आणि मग पाऊण फेरा दिला. पाना वापरला नाही. ऑइल भरून दोन मिनिटे इंजिन चालवले, बंद केले, पाच मिनिटांनी गेज पाहून थोडे वर ओतले. बैठकीखाली बोट फिरवले, कोरडे निघाले.

सोमवारी संध्याकाळी जुना डबा कापून उघडला. आत स्क्रू ड्रायव्हरने मधली नळी आरपार छेदली होती. इंजिनातली आट्यांची नळी बैठकीपासून दीड सेंटिमीटरच्या आसपास बाहेर येते असे मी आदल्या दिवशी मोजले होते; ते माप डब्यात धरले, तेव्हा दुसऱ्या भोकाची खालची कड तिच्या टोकापासून जेमतेम सेंटिमीटरभर दूर होती.